बेरीज बरोबर, बिल चूक

चंदगड तालुक्यातल्या भांड्याच्या दुकानदाराला माल भरायचा असला की तो कोल्हापूरची वाट धरत नाही, बेळगावची धरतो. कोल्हापूर लांब पडतं, बेळगाव हाताशी आहे. तिथला घाऊक व्यापारी मराठीच बोलतो, उधारी ओळखीवर चालते, सोयरिकी दोन्हीकडं पसरलेल्या. शिनोळी मागं पडली की महाराष्ट्र संपतो, पण रस्त्यावरची पाटी सोडली तर ते कुणाला जाणवत नाही. बिलाला मात्र ती हद्द दिसावी लागते, आणि नेमकी तिथंच गफलत होते.

अशी एक गफलत मी जवळून पाहिली. तालुक्यात छोट्या व्यापाऱ्यांची जीएसटीची विवरणपत्रं भरून देणाऱ्या एक बाई आहेत. सगळे त्यांना मॅडम म्हणतात. त्यांचे पक्षकार बिलं घेऊन येत नाहीत, बिलांचे फोटो पाठवतात. संध्याकाळी दुकानं बंद व्हायला लागली की मॅडमचा फोन एकसारखा वाजत राहतो. त्यातलाच एक फोटो ऑक्टोबर २०२५ मधला, एका भांडीवाल्या काकांनी पाठवलेला. काकांची ओळख पटू नये म्हणून नगांचे आणि भावांचे आकडे मी बदलले आहेत. चूक होती तशीच ठेवली आहे.

बिल ६ ऑक्टोबरचं. त्यात तीन प्रकारचा माल. स्टीलचे डबे २४ नग, १८५ रुपये दरानं ४,४४० रुपये. अ‍ॅल्युमिनियमचे कुकर १० नग, ९४० रुपये दरानं ९,४०० रुपये. मिक्सर ४ नग, २,४५० रुपये दरानं ९,८०० रुपये. मालाची किंमत २३,६४०. खाली करांच्या ओळी: डबे आणि कुकर मिळून १३,८४० रुपयांवर सीजीएसटी २.५ टक्के म्हणजे ३४६ आणि एसजीएसटी तेवढाच. मिक्सरच्या ९,८०० रुपयांवर ९ टक्क्यांनी ८८२ आणि ८८२. कर एकूण २,४५६. शेवटी ‘पॅकिंग-हमाली २००’. सगळं मिळून २६,२९६.

फोटोखाली काकांचा आवाजी निरोप होता: “बेरीज बरोबर हाय मॅडम. दोनदा मारून बघितलो.”

बेरीज खरोखरच बरोबर होती. गुणाकार बरोबर, टक्केवारीही बरोबर. आणि तरी त्या बिलावरचा २,४५६ रुपयांचा कर काकांच्या हाती क्रेडिट म्हणून लागणार नव्हता. दुकानदार बिल तपासतो ते खालून वर, कारण पैसे तळाच्या आकड्याचे द्यायचे असतात. मॅडम वरून खाली येतात, आणि तळापर्यंत पोचायच्या आधीच त्यांना बहुतेक वेळा काय ते कळलेलं असतं.

वरून म्हणजे अगदी मथळ्यापासून. कागदावर ‘टॅक्स इन्व्हॉइस’ लिहिलंय की ‘बिल ऑफ सप्लाय’, की नुसतं ‘एस्टिमेट’? एस्टिमेट म्हणजे कच्चं बिल. त्यावर कर लिहिलेला असला तरी त्याला अर्थ नाही. बिल ऑफ सप्लाय देणारा बहुधा कंपोझिशनवाला असतो. त्याला गिऱ्हाइकाकडून कर वसूल करायची मुभाच नसते, तेव्हा त्याच्या कागदावर सीजीएसटीची ओळ दिसली तर तिथंच थांबायचं. मथळ्यानंतर दोन जीएसटी नंबर बघायचे, विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा. मॅडम पूर्ण नंबर नंतर वाचतात. आधी दोघांचे पहिले दोन आकडे. ते राज्याचे असतात. महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गोवा ३०, गुजरात २४. काकांच्या बिलावर विकणाऱ्याचे २९ होते आणि घेणाऱ्याचे २७.

“२९ नं २७ ला माल दिला आणि कर दोन ओळीत लावला. पुढचं वाचायची गरजच नव्हती,” मॅडम म्हणाल्या. पण त्यांनी वाचलं सगळं, कारण फोटोतला २९ हा खरंच २९ आहे का, हे आधी ठरवावं लागतं.

काकांनी बिल टेम्पोच्या बॉनेटवर ठेवून फोटो काढला होता. कागद चार घड्यांचा, आणि एक घडी नेमकी भावाच्या रकान्यावरून गेलेली. त्या घडीत कुकरचा भाव ९४० चा ९१० दिसत होता. २.५ मधला टिंब पुसट होऊन २५ झाला होता. खालच्या कोपऱ्यावर काकांचा अंगठा.

अशा फोटोचं काय करायचं? मॅडमची पद्धत सोपी आहे. बिलातला कुठलाही आकडा एकटा नसतो, दुसऱ्या आकड्यांना बांधलेला असतो. नग गुणिले भाव म्हणजे त्या ओळीची रक्कम. एका दराच्या सगळ्या ओळींची बेरीज म्हणजे त्या दराची करपात्र किंमत. तिच्यावर दर लावला की कर. सगळे जोडले की तळाचा आकडा. कुकरचा भाव ९१० धरला तर दहा नगांचे ९,१०० होतात, पण शेजारच्या रकान्यात स्पष्ट ९,४०० आहेत. ५ टक्क्यांच्या गटातली १३,८४० ही रक्कमही ९,४०० धरल्याशिवाय जुळत नाही. म्हणजे दोन साक्षीदार एका बाजूला आणि घडीत सापडलेला १ दुसऱ्या बाजूला. भाव ९४० च. तसंच टिंबाचं: १३,८४० वर २५ टक्के लावले तर ३,४६० येतील, कागदावर ३४६ आहेत. टिंब आहेच, कॅमेऱ्याला दिसलं नाही इतकंच.

यातून त्यांनी एक आडाखा बांधलाय, आणि मला तो पटला. फोटोतला एकच अंक बदलला आणि त्यासरशी सगळी गणितं जुळली, तर दोष फोटोचा. एक अंक बदलून काही जुळत नसेल, किंवा एक गणित जुळवताना दुसरं मोडत असेल, तर दोष बिलाचा. पहिल्या वेळी दुसरा फोटो मागवायचा, दुसऱ्या वेळी विकणाऱ्याला फोन करायचा. या दोन्हींची गल्लत झाली की व्यापारी उगाच घाऊकवाल्याशी भांडतो, आणि दुसऱ्या दिवशी सरळ फोटो आला की तोंडघशी पडतो.

जीएसटी नंबराला मात्र असा बेरजेचा आधार नसतो. तिथं नंबराची घडणच कामाला येते. उदाहरणादाखल रचलेला हा एक नंबर बघा: `29ABCDE1234F1ZW`. पहिले दोन आकडे राज्याचे. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन, आणि पॅनमध्ये आधी पाच अक्षरं, मग चार आकडे, मग एक अक्षर, हा क्रम कधी बदलत नाही. म्हणून चौथ्या जागी `8` दिसला तर तो `B` च असणार. त्या जागी आकडा येऊच शकत नाही. `S` आणि `5`, `O` आणि `0` यांचा घोळही असाच जागेवरून मिटतो. आकड्याचा आकड्याशी घोळ झाला, `1` चा `7` वाचला गेला, तर जागा काही सांगत नाही. तेव्हा शेवटचं, पंधरावं अक्षर उपयोगी पडतं. ते आधीच्या चौदांवरून हिशेबानं काढलेलं असतं. वरच्या नंबरात `1234` चं `7234` केलं तर शेवटी `W` येणार नाही, `K` यावा लागेल. हा हिशेब हातानं कुणी करत बसत नाही. जीएसटी पोर्टलवर `Search Taxpayer` मध्ये नंबर टाकला की चुकीचा नंबर तिथंच नाकारला जातो, आणि बरोबर असेल तर नाव, राज्य आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे, हेही समोर येतं. काकांच्या बिलावरचा २९ खरा निघाला.

फोटो कसा काढावा याबद्दल मॅडमनी पक्षकारांना जे सांगून ठेवलंय ते एवढंच: कागद सपाट जागी, चारही कोपरे चौकटीत, फोन बरोबर वरून धरायचा, फ्लॅश बंद. चकचकीत थर्मल कागदावर फ्लॅशचा पांढरा डाग पडतो आणि तो हमखास रकमेवरच पडतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, कारण साध्या फोटोचा दर्जा पाठवताना कमी होतो आणि बारीक टिंबं त्यातच जातात. मूळ कागद मात्र फेकायचा नाही. फोटो तपासणीपुरता, क्रेडिट घेणाऱ्याकडं बिल असावं लागतं.

आता दर. या बिलात दर बरोबर होते, पण त्या हंगामात ते बरोबर असणं ही काही गृहीत धरायची गोष्ट नव्हती. ३ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटी परिषदेची ५६वी बैठक झाली आणि २२ सप्टेंबरपासून नवे दर आले. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळजवळ मोडीत निघाले. स्वयंपाकघरातली स्टीलची आणि अ‍ॅल्युमिनियमची भांडी १२ वरून ५ वर आली. मिक्सर आधीपासून १८ टक्क्यांत होता, तो तिथंच राहिला. दसरा-दिवाळीच्या तोंडावर, नवरात्राच्या पहिल्याच दिवशी हे घडलं, आणि कित्येक दुकानांत संगणकातल्या मालाच्या याद्या जुन्याच दरानं बिलं छापत राहिल्या.

काकांच्या कुकरवर १२ टक्के लागले असते तर ९,४०० वर ४७० ऐवजी १,१२८ रुपये कर झाला असता. फरक ६५८ रुपयांचा. असं एक बिल मॅडमकडं दुसऱ्या एका दुकानातून आलं होतंच. घाऊकवाल्याला फोन केला तर त्याचं उत्तर ठरलेलं: “माल जुना आहे, मी १२ टक्के भरून आणलाय, ५ टक्क्यांनी कसा देऊ?” ऐकायला रास्त वाटतं. पण त्यानं खरेदीवर भरलेल्या १२ टक्क्यांचं क्रेडिट त्याच्या खात्यात शाबूत आहे. त्याच्या विक्रीचा दर त्यानं माल कधी विकत घेतला यावर ठरत नाही. माल २२ सप्टेंबरनंतर निघाला आणि बिलही त्यानंतरचं, तर नवाच दर. अडचण फक्त हद्दीवरच्या दिवसांतल्या व्यवहारांची, जिथं माल, बिल आणि पैसे यांतलं काही अलीकडचं आणि काही पलीकडचं असतं. तिथं कायद्याचा निवाडा थोडक्यात असा की या तीनपैकी दोन गोष्टी ज्या बाजूला, त्या बाजूचा दर.

जास्तीचा दर लागल्याचं दुखणं प्रत्येकाला सारखं नसतं. नेहमीच्या नोंदणीतला दुकानदार म्हणेल, लागू दे, क्रेडिट मिळेल. त्याचे पैसे मध्ये अडकतात आणि क्रेडिटवरून पुढं प्रश्न निघायची धास्ती राहते. कंपोझिशनवाल्याला मात्र क्रेडिटच नाही, त्याच्या खिशातून ते ६५८ रुपये गेलेच. आणि छोट्या गावातली भांड्यांची दुकानं बरीचशी याच प्रकारची.

दर तपासताना टक्केवारी वाचून भागत नाही, एचएसएन कोड बघावा लागतो. स्टीलच्या घरगुती भांड्यांचा ७३२३, अ‍ॅल्युमिनियमच्यांचा ७६१५, मिक्सरचा ८५०९. मालाचं नाव ढोबळ असतं, कोड नेमका. मॅडमनी यावर पाण्याच्या बाटलीचं उदाहरण दिलं. दुकानात दोन स्टीलच्या बाटल्या शेजारी ठेवल्या तर लांबून सारख्याच दिसतात. एकेरी पत्र्याची साधी बाटली ७३२३ मध्ये, ५ टक्के. गरम-गार टिकवणारी, आत निर्वात पोकळी असलेली बाटली ९६१७ मध्ये, १८ टक्के. बिलावर दोन्हींपुढं ‘एसएस बॉटल’ एवढंच लिहिलेलं. आणि एक लक्षात ठेवायचं: बिलात सगळा कर एकत्र करून एकूण किमतीशी ताडून बघण्यात काही हशील नाही. काकांच्या बिलात २३,६४० वर २,४५६ म्हणजे सुमारे १०.४ टक्के येतात, आणि असा कुठला दर अस्तित्वातच नाही. प्रत्येक दराचा गट वेगळा काढायचा आणि ज्याचा त्याला लावायचा. सीजीएसटीच्या रकान्यात ९ दिसलं म्हणून ‘कर नऊच टक्के लागला’ असं समजणारेही आहेत; ते निम्मं असतं, उरलेलं निम्मं शेजारी.

तर हे निम्मं-निम्मं. आता मूळ दुखण्याकडं येऊ.

विकणारा आणि माल पोचायची जागा एकाच राज्यात असेल तर कर दोन वाट्यांत पडतो, अर्धा केंद्राचा सीजीएसटी आणि अर्धा राज्याचा एसजीएसटी. माल राज्याबाहेर जात असेल तर एकच आयजीएसटी, तेवढ्याच टक्क्यांचा. ९ अधिक ९ किंवा १८, बेरीज एकच. म्हणूनच तळाचा आकडा ही चूक कधीच दाखवत नाही. काकांनी बेरीज दोनदा काय, वीसदा मारली असती तरी ती बरोबरच आली असती.

बेळगावच्या दुकानात हे का झालं असेल, ते समजायला फार डोकं लावावं लागत नाही. काका स्वतः गेले होते. माल काउंटरवर निवडला, आपल्या टेम्पोत भरून घेतला आणि घरी आणला. दुकानदारानं राज्याबाहेर माल ‘पाठवला’ नव्हता. गल्ल्यावरच्या पोरानं रोजच्या गिऱ्हाइकाला फाडतात तसं बिल फाडलं. संगणकात काकांचं खातं उघडताना राज्याच्या जागी आपसूक आलेलं कर्नाटक तसंच राहिलं असेल, तर पुढचं सगळं संगणकानंच केलं.

त्या व्यापाऱ्याशी मी बोललो. त्याचं म्हणणं साधं होतं: “माझ्या दुकानात माल हातात दिला. डिलिव्हरी बेळगावात झाली. मग कर्नाटकचाच टॅक्स की.” हा युक्तिवाद पुष्कळ व्यापारी करतात. पण आयजीएसटी कायद्याच्या दहाव्या कलमात पुरवठ्याची जागा ठरवताना शब्द असे आहेत की माल हलवणारा विकणारा असो, घेणारा असो की आणखी कुणी, घेणाऱ्याला देण्यासाठी चाललेली ती हालचाल जिथं संपते ती जागा धरायची. घेणारा स्वतः माल नेतो तेव्हाही हलवणारा ‘घेणारा’ असतोच, कायद्यानं तो मोजलाय. काकांचा टेम्पो चंदगड तालुक्यातल्या दुकानासमोर थांबला. पुरवठ्याची जागा महाराष्ट्र. आयजीएसटी.

त्या पोराची सवय मात्र अगदीच निराधार नव्हती. लग्नाची भांडी घ्यायला त्याच तालुक्यातून एखादं कुटुंब येतं, त्यांच्याकडं जीएसटी नंबर नसतो. बिननोंदणीच्या गिऱ्हाइकासाठी १ ऑक्टोबर २०२३ पासून वेगळा नियम आहे: बिलावर त्याचा पत्ता लिहिला असेल तर ती पुरवठ्याची जागा, नसेल तर विकणाऱ्याची. रोख बिलावर पत्ता कोण लिहितो? तिथं कर्नाटकचा सीजीएसटी-एसजीएसटी बरोबरच असतो. दिवसभर अशीच बिलं फाडणाऱ्या हातानं २७ नं सुरू होणारा नंबर टाकला आणि बाकीचं तसंच ठेवलं.

काकांना झळ बसते ती अशी. विकणारा दर महिन्याला आपल्या विक्रीची यादी जीएसटीआर-१ मध्ये भरतो, साधारण पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत. त्यावरून १४ तारखेला घेणाऱ्याची जीएसटीआर-२बी तयार होते, आणि क्रेडिट तिच्यावर मिळतं. काकांचं बिल तिथं दिसलं असतं, रक्कमही बरोबर दिसली असती. पण विकणारा कर्नाटकचा, पुरवठ्याची जागा कर्नाटक आणि घेणारा महाराष्ट्राचा, असं असलं की पोर्टल ते बिल ‘आयटीसी नॉट अ‍ॅव्हेलेबल’ या भागात टाकतं. कर्नाटकच्या तिजोरीत गेलेल्या एसजीएसटीचं क्रेडिट महाराष्ट्रातल्या नोंदणीला मिळत नाही, आणि त्याच्या जोडीचा सीजीएसटीही जातो. ऑक्टोबरच्या सुरुवातीचा माल, नोव्हेंबरच्या मध्याला कळणार. तोवर दिवाळी होऊन गेलेली, डबे विकले गेलेले.

मी काकांना विचारलं, आयजीएसटीच लावा असं तुम्ही तिथं का सांगितलं नाही? त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. “अवो, मला वाटलं आयजीएसटी म्हणजे भाईरचा टॅक्स. आपण इथं विकतोय, तर फेड इथल्याच टॅक्सात मिळायला पाहिजे की.” ही समजूत सर्रास आढळते. काही दुकानदार तर घाऊकवाल्याला मुद्दाम सांगतात की आम्हाला दोन ओळींचं बिल द्या. प्रत्यक्षात गोष्ट उलटी आहे. आयजीएसटीचं क्रेडिट आधी आयजीएसटी फेडायला वापरायचं, आणि तो नसेल तर उरलेलं सीजीएसटी आणि एसजीएसटी, दोन्हींत आपल्या सोयीनं लावता येतं. काकांचे २,४५६ आयजीएसटीत आले असते तर गावातल्या विक्रीवरचा १,२२८ सीजीएसटी आणि १,२२८ एसजीएसटी त्यातून भागला असता. शेजारच्या राज्याच्या दोन ओळींतून एक पैसाही भागत नाही.

ही चूक उलटीही होते. कोल्हापूरच्या व्यापाऱ्यानं, म्हणजे २७ नं २७ ला माल देताना आयजीएसटी लावला, तर तेही चुकीचंच. पण तालुका हद्दीवरचा असल्यामुळं मॅडमकडं पहिल्याच जातीची बिलं जास्त येतात.

दुरुस्तीला किती वेळ हातात आहे, ते विकणाऱ्यावर अवलंबून असतं. त्याची उलाढाल पाच कोटींच्या वर असेल तर नोंदणीकृत गिऱ्हाइकाच्या बिलाला ई-इन्व्हॉइस लागतो. कागदावर चौकोनी क्यूआर कोड आणि ६४ अक्षरी आयआरएन असतो. ते बिल पोर्टलवर रद्द करायला फक्त २४ तास मिळतात. त्यानंतर क्रेडिट नोट काढून नवं बिल द्यावं लागतं. त्या क्यूआर कोडवर लोकांचा भलताच विश्वास. कोड स्कॅन झाला म्हणजे बिल पक्कं, असं धरून चालतात. कोडात दोघांचे जीएसटी नंबर, बिलाचा नंबर, तारीख, एकूण रक्कम, किती ओळी, मुख्य मालाचा एचएसएन, एवढं असतं. त्यानं बिल खरं आहे आणि फोटोतली रक्कम आपण नीट वाचली आहे हे कळतं. कर दोन ओळींत पडला की एका, हे कोड सांगत नाही.

काकांचा व्यापारी पाच कोटींच्या आतला होता, क्यूआरची भानगड नव्हती. फोटो त्याच संध्याकाळी आला होता आणि ऑक्टोबरचा जीएसटीआर-१ भरायला अजून महिना होता. मॅडमनी फोन केला. पहिल्यांदा तो म्हणाला, टोटल तर तेवढीच आहे. मग म्हणाला, सगळे असंच घेतात. शेवटी मॅडमनी त्याला त्याच्याच अडचणीची आठवण करून दिली: ही चूक उद्या त्याच्या तपासणीत निघाली तर आयजीएसटी त्याला नव्यानं भरावा लागेल आणि आधी भरलेले दोन कर परत मागायला अर्ज करावा लागेल. व्याज लागत नाही, पण पैसे दोन वेळा गुंततात. त्यावर तो कबूल झाला. जुनं बिल रद्द, नव्या नंबराचं बिल. तोच नंबर पुन्हा वापरायचा नसतो. रद्द झालेला नंबर जीएसटीआर-१ मध्ये रद्द म्हणून दाखवायचा असतो.

नवं बिल काढायचंच आहे तर मॅडमनी आणखी एक गोष्ट दुरुस्त करायला लावली, ती म्हणजे तळाचे ‘पॅकिंग-हमाली २००’. कराच्या ओळी झाल्यावर खाली जोडलेली रक्कम म्हणजे बिनकराची रक्कम. पण विकणाऱ्यानं माल देताना लावलेला पॅकिंगसारखा खर्च कायद्यानं मालाच्या किमतीतच धरायचा, आणि त्याला मालाचाच दर लागतो. माल दोन दरांचा, म्हणून ते २०० किमतीच्या प्रमाणात वाटले: ५ टक्क्यांच्या गटाकडं ११७ रुपये ९ पैसे, १८ टक्क्यांच्या गटाकडं ८२ रुपये ९१ पैसे. त्यावरचा कर ५ रुपये ८५ पैसे आणि १४ रुपये ९२ पैसे. ही चूक काकांच्या अंगावर येणारी नव्हती. कमी भरलेला कर विकणाऱ्याकडूनच वसूल होतो. माझ्या मते एवढ्याशा रकमेसाठी बिल परत करायला कुणी लावू नये. पण बिल नाहीतरी बदलत होतं.

दोन दिवसांनी नव्या बिलाचा फोटो आला. या वेळी सपाट टेबलावर, चारही कोपऱ्यांसकट. पुरवठ्याची जागा २७-महाराष्ट्र. करपात्र किंमत २३,८४०. आयजीएसटी ५ टक्क्यांचा ६९७ रुपये ८५ पैसे, १८ टक्क्यांचा १,७७८ रुपये ९२ पैसे. एकूण २६,३१६ रुपये ७७ पैसे, राउंड ऑफ करून २६,३१७.

काका स्वतः आले होते. आधीचं बिल आणि नवं बिल शेजारी ठेवून त्यांनी तळाचे दोन आकडे बघितले.

“मॅडम, हे तर एकवीस रुपये वाढलं की.”

“वीस रुपये सत्त्याहत्तर पैसे कराचे आहेत काका, ते क्रेडिटमध्ये येतील,” मॅडम म्हणाल्या. “वरचे तेवीस पैसे राउंड ऑफचे. ते गेले.”